घरभाडे भत्ता: घरमालकाचा पॅन नाही, पावत्या अपुऱ्या आहेत आणि कंपनीने शंका काढली आहे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कंपन्या गुंतवणुकीचे आणि घरभाड्याचे पुरावे मागवतात. मी पुण्यात पगार विभागात हे कागद तपासते. ज्या फाइलवर शंका काढून ती परत पाठवावी लागते, त्यात घरभाड्याची प्रकरणे सर्वांत जास्त असतात. भाडे बहुतेकांनी खरोखर दिलेले असते, कागद मात्र त्या त्या वेळी घेतलेले नसतात. अशा वेळी उत्तर कसे द्यायचे, यासाठी हे पान आहे. इथली उदाहरणे आर्थिक वर्ष २०२४-२५ ची, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखालची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने त्यापुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक वेगळे असतील.

प्रश्न: "रेंट प्रूफ इनकम्प्लीट" एवढाच शेरा आला आहे. याचा अर्थ काय धरायचा?

आधी पगार विभागाला विचारा की नेमके काय कमी आहे. उत्तर त्यावरच अवलंबून असते. बहुधा चारपैकी एक गोष्ट निघते: काही महिन्यांच्या पावत्या नाहीत, मालकाचा पॅन नाही, करारातले नाव आणि पैसे घेणाऱ्याचे नाव जुळत नाही, किंवा पावतीवरचा पत्ता करारातल्या पत्त्याहून वेगळा आहे. अनेक जण घाबरून सगळेच कागद पुन्हा पाठवतात. त्याने तपासणाऱ्याचे काम वाढते आणि मूळ शंका तशीच राहते.

प्रश्न: पावती नसेल तर सूट गेलीच का?

नाही. कलम १०(१३ए) मध्ये सूट मिळण्याची अट आहे ती घरभाड्याचा खर्च प्रत्यक्ष केल्याची, आणि ते घर तुमच्या स्वतःच्या मालकीचे नसण्याची. पावती हा त्या खर्चाचा एक पुरावा आहे. बँकेतून गेलेली रक्कम, नोंदणीकृत करार, मालकाचे लेखी निवेदन हेही पुरावेच आहेत.

पण कंपनीची बाजूही समजून घ्या. कलम १९२(२डी) नुसार कर कापताना तुमच्या दाव्याचा पुरावा घेणे कंपनीवर बंधनकारक आहे. तो फॉर्म १२बीबी मध्ये घेतला जातो आणि त्यात मालकाचे नाव, पत्ता आणि ठरावीक रकमेपुढे पॅन मागितलेला आहे. फॉर्मच्या शेवटी "ही माहिती पूर्ण व खरी आहे" असे प्रमाणित करून सही तुम्ही करता. म्हणून पगार विभागातली व्यक्ती ओळखीची असली तरी "चालवून घ्या" म्हणू नका. चूक निघाली तर त्या कागदावर नाव तुमचेच असते.

एक सवलत आहे: महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत घरभाडे भत्ता मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनीकडे पावती द्यावी लागत नाही. ही मर्यादा भत्त्याची आहे, भाड्याची नाही, आणि ती फक्त करकपातीपुरती आहे. आयकर अधिकारी पुढे पुरावा मागू शकतो.

प्रश्न: पॅन कधी लागतो? माझी वर्षात दोन घरे झाली आणि दोन्हींचे भाडे लाखाच्या आत आहे.

वर्षभरात दिलेले एकूण भाडे १,००,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर पॅन लागतो. इथे पुष्कळ जण चुकतात. फॉर्म १२बीबी मध्ये एकूण भाडे धरलेले आहे, मालकागणिक नाही. सात महिने एका घरी ९४,५०० आणि पाच महिने दुसऱ्या घरी ९०,००० दिले, तर बेरीज १,८४,५०० होते आणि दोन्ही मालकांचे पॅन द्यावे लागतात.

हे पॅन कंपनी तिच्या २४क्यू या तिमाही विवरणपत्रात भरते आणि तिथून ते आयकर विभागाकडे जातात. तुम्ही लिहिलेला पॅन कंपनीच्या कपाटात पडून राहत नाही, हे लक्षात ठेवा.

प्रश्न: मालकीणबाई वयस्कर आहेत. त्यांनी पॅन काढलेलाच नाही.

मग त्यांच्याकडून तसे लेखी निवेदन घ्या. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१३ च्या परिपत्रकातच ही सोय आहे: मालकाकडे पॅन नसल्यास त्याचे नाव, पत्ता आणि पॅन नसल्याचे निवेदन कर्मचाऱ्याने कंपनीला द्यावे. साध्या कागदावर चालते. मजकूर असा ठेवता येईल:

> मी, (पूर्ण नाव), राहणार (पूर्ण पत्ता), असे लिहून देते की (घराचा पत्ता) ही सदनिका माझ्या मालकीची असून ती दि. ___ ते दि. ___ या काळात (भाडेकरूचे नाव) यांना दरमहा रु. ___ भाड्याने दिली होती. माझ्याकडे आयकर विभागाचा पॅन क्रमांक नाही. या काळातील भाड्यापोटी मला एकूण रु. ___ मिळाले आहेत. दिनांक, ठिकाण, सही.

हे निवेदन मालकानेच द्यायचे असते. "त्यांच्याकडे पॅन नाही" असे भाडेकरूने स्वतःच्या सहीने लिहिलेले पत्र आमच्याकडे नेहमी येते. ते उपयोगाचे नसते.

प्रश्न: मालकाकडे पॅन आहे, पण तो देत नाही. "कर लागेल" म्हणतो.

मग पॅन नसल्याचे निवेदन घेऊ नका. तो उघडउघड खोटा कागद होईल आणि तो तुमच्या दाव्याला जोडलेला असेल.

मालकाशी एकदा आकडे घेऊन बोला. पॅन दिला की सगळ्या भाड्यावर कर लागतो, असे पुष्कळ मालकांना वाटते. भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नातून मालकाने भरलेला महापालिकेचा घरपट्टी कर वजा होतो आणि उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. घरपट्टी बाजूला ठेवली तरी ९०,००० रुपये भाड्यातले ६३,००० च उत्पन्नात धरले जातात. २०२४-२५ साठी नव्या करपद्धतीत ७ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्या निवासी व्यक्तीला कलम ८७ए च्या सवलतीमुळे नेहमीच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अनेक मालकांना हा हिशोब मांडून दाखवला की ते पॅन देतात. ज्यांना भाड्याचे उत्पन्न लपवायचेच आहे, ते देत नाहीत.

तरीही नकार आला तर कंपनीला तसे स्पष्ट लिहा. कंपनी सूट धरणार नाही आणि कर कापेल. तुमचा हक्क तिथे संपत नाही, कारण पॅनची अट कलम १०(१३ए) मध्ये नाही. ती कंपनीने करकपात करताना घ्यायच्या पुराव्यातली आहे. विवरणपत्रात दावा कसा करायचा ते पुढे सांगितले आहे.

प्रश्न: मिळालेला पॅन बरोबर आहे का, हे कसे ओळखायचे?

पॅनमध्ये दहा अक्षर-अंक असतात: आधी पाच अक्षरे, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनचे चौथे अक्षर 'P' असते, हिंदू अविभक्त कुटुंबाचे 'H', कंपनीचे 'C', भागीदारी संस्थेचे 'F'. व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर असते. करार व्यक्तीच्या नावाने आणि पॅनचे चौथे अक्षर 'C' असेल, तर आम्ही तिथेच थांबतो.

आडनावाबाबत मात्र घाई करू नका. लग्नानंतर नाव बदलले तरी पॅन तोच राहतो, त्यामुळे पाचवे अक्षर बाईंच्या माहेरच्या आडनावाचे असू शकते. अशा वेळी पॅन कार्डाची छायाप्रत जोडली की शंका मिटते.

प्रश्न: पावत्या घेतल्याच नव्हत्या. आता सगळ्या महिन्यांच्या एकदम लिहून घेऊ का?

घ्या, पण त्यावर आजचीच तारीख घाला. गेल्या महिन्यांचे भाडे मिळाल्याचे मालकाने आज लेखी मान्य करणे यात काहीही गैर नाही. "एप्रिल २०२४ ते सप्टेंबर २०२४ या सहा महिन्यांचे भाडे पुढील तारखांना मिळाले" असे एकच पत्र, खाली तारखा, रकमा आणि कशाने दिले ते, असे केले तर ते सहा वेगवेगळ्या पावत्यांपेक्षा भक्कम असते.

आज बसून ५ एप्रिल, ५ मे, ५ जून अशा मागच्या तारखा घातलेल्या पावत्या मात्र करू नका. त्या लगेच ओळखू येतात. सगळ्यांवर एकच पेन, एकच वळण, एकाच पट्टीतून फाडलेली रेव्हेन्यू तिकिटे. त्याहून वाईट म्हणजे पावतीवर ५ मे आणि बँकेत रक्कम गेली १७ मे ला, किंवा करार नोव्हेंबरचा आणि पावती ऑक्टोबरची. खरे भाडे दिलेल्या माणसाचा दावा अशा एका तारखेमुळे संशयास्पद होतो, हे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्याचे मला दर वेळी वाईट वाटते.

चांगल्या पावतीत भाडेकरूचे नाव, घराचा पूर्ण पत्ता, कोणत्या महिन्याचे भाडे, रक्कम अंकात आणि अक्षरात, पैसे कसे दिले, मालकाचे नाव, सही आणि पावतीची तारीख असावी. रोख ५,००० रुपयांपेक्षा जास्त दिले असतील तर १ रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या. सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट बिल, दलाली आणि डिपॉझिट हे भाडे नाही. ते पावतीत मिसळले असेल तर वेगळे काढा.

प्रश्न: एखादे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल का?

एक नमुन्याचा हिशोब घेऊ. आकडे सोपे जावेत म्हणून मी ठरवले आहेत, पण अडचणी आमच्याकडे दरवर्षी येतात त्याच आहेत.

पुण्यातला एक अभियंता. मूळ पगार दरमहा ४०,०००, महागाई भत्ता नाही, घरभाडे भत्ता दरमहा १६,०००. वर्षाचा एकूण पगार ९,६०,०००. जुनी करपद्धत निवडलेली. एप्रिल ते ऑक्टोबर २०२४ तो कोथरूडला १३,५०० रुपयांनी राहिला, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बाणेरला १८,००० रुपयांनी. कोथरूडच्या मालकीण आजी, पॅन नाही, भाडे त्यांच्या मुलाच्या खात्यात जायचे. बाणेरच्या मालकीणबाईंचा पॅन आहे, पण दिलेला नव्हता.

त्याच्याकडे कोथरूडच्या एप्रिल, मे, जूनच्या पावत्या होत्या आणि दोन्ही घरांचे करार होते. फेब्रुवारीत शंका आली तेव्हा त्याने आधी महिनावार तक्ता केला. कुणीही सुरुवात इथूनच करावी, कारण तक्ता केल्याशिवाय नक्की काय कमी आहे ते स्वतःलाही कळत नाही.

| महिने | भाडे (दरमहा) | हातात असलेला पुरावा |
|---|---|---|
| एप्रिल, मे, जून | १३,५०० | पावती आणि यूपीआय |
| जुलै, सप्टेंबर | १३,५०० | फक्त यूपीआय, मुलाच्या खात्यात |
| ऑगस्ट | १३,५०० | रोख, काहीही नोंद नाही |
| ऑक्टोबर | १३,५०० | डिपॉझिटमधून वळते केले |
| नोव्हेंबर ते फेब्रुवारी | १८,००० | बँकेतून, पावती नाही, पॅन नाही |
| मार्च | १८,००० | अजून द्यायचे आहे |

जुलै आणि सप्टेंबर सोपे. पैसे गेल्याचे बँक दाखवते. प्रश्न एवढाच की करार आईच्या नावाने आणि पैसे मुलाच्या खात्यात. आजींच्या निवेदनात एक वाक्य घातले: "माझ्या सांगण्यावरून भाडे माझा मुलगा (नाव) याच्या खात्यात जमा केले जात असे." शंका मिटली.

ऑक्टोबर थोडा नाजूक. घर सोडताना मालकाने ४०,५०० च्या डिपॉझिटमधून शेवटच्या महिन्याचे १३,५०० कापून २७,००० परत केले. हे आपल्याकडे सर्रास होते आणि मग त्या महिन्याचा व्यवहार बँकेत दिसतच नाही. पण भाड्याचा खर्च झालेला आहे, फक्त पैसे मालकाकडे आधीच होते. म्हणून डिपॉझिट दिल्याची जुनी नोंद, २७,००० परत आल्याची नोंद आणि "ऑक्टोबर २०२४ चे भाडे रु. १३,५०० अनामत रकमेतून वळते केले" हे आजींचे वाक्य, असे तीन दुवे जोडले.

ऑगस्ट मात्र सुटला नाही. त्याने मित्राकडून रोख घेऊन आजींना दिले होते. एटीएममधून काढल्याची नोंद नाही, मोबाइलवर संदेश नाही, आणि आजींना आठवत नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे तसे सांगितले. मी अशा वेळी एकच सल्ला देते: तो महिना सोडा.

किती सोडले ते पाहा. सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेएवढी मिळते: मिळालेला भत्ता, भाडे वजा पगाराचे १० टक्के, आणि पगाराचे ४० टक्के. इथे पगार म्हणजे मूळ पगार आणि निवृत्तिलाभात धरला जाणारा महागाई भत्ता. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत ४० ऐवजी ५० टक्के असतात. या वर्षासाठी पुणे ४० टक्क्यांत येते. दोन्ही घरांसाठी दुसरीच रक्कम लहान आहे. कोथरूडसाठी सात महिन्यांचे ९४,५०० वजा २८,००० म्हणजे ६६,५००. बाणेरसाठी ९०,००० वजा २०,००० म्हणजे ७०,०००. सगळे सिद्ध झाले असते तर सूट १,३६,५०० झाली असती.

ऑगस्ट वगळल्यावर कोथरूडचे सिद्ध होणारे भाडे ८१,००० आणि सूट ५३,०००. काही कंपन्यांचे सॉफ्टवेअर महिन्यागणिक हिशोब करते, तिथे ऑगस्टपायी ९,५०० च कमी होतील. मी १३,५०० धरते, कारण नियम २ए मध्ये हिशोब घरात राहिलेल्या काळाचा आहे आणि ऑगस्टमध्ये तो त्याच घरात राहत होता. एकूण सूट आता १,२३,०००. तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने ४ टक्के उपकरासह जास्तीचा कर २,८०८ रुपये झाला. या २,८०८ रुपयांसाठी खोटी पावती करायची का, हा प्रश्न आकडा समोर आल्यावर त्याला विचारावाच लागला नाही.

बाणेरच्या मालकीणबाईंनी ९०,००० चे ६३,००० कसे होतात ते ऐकून पॅन दिला आणि चार महिन्यांचे एकत्र पत्र दिले. मार्चची पावती भाडे दिल्यावर पाठवली.

प्रश्न: कंपनीला उत्तर कसे लिहू?

थोडक्यात आणि महिनावार. वरच्या प्रकरणातले उत्तर असे होते:

> आपल्या शंकेस अनुसरून कळवतो:
> १. एप्रिल ते ऑक्टोबर २०२४, कोथरूड: घरमालकांकडे पॅन नाही. त्यांचे सहीचे निवेदन जोडले आहे. भाडे त्यांच्या मुलाच्या खात्यात जमा होत असल्याचा उल्लेख त्यात आहे.
> २. जुलै व सप्टेंबर: पावती नाही. बँक खात्याच्या उताऱ्यात रकमा खूण करून दाखवल्या आहेत.
> ३. ऑक्टोबर: भाडे अनामत रकमेतून वळते झाले. दोन्ही बँक नोंदी जोडल्या आहेत.
> ४. ऑगस्ट: पुरावा उपलब्ध नाही. या महिन्याच्या भाड्याचा दावा मी मागे घेत आहे.
> ५. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बाणेर: मालकांचा पॅन व भाडे मिळाल्याचे पत्र जोडले आहे. मार्चची पावती भाडे दिल्यावर पाठवीन.
> सुधारित फॉर्म १२बीबी सोबत आहे.

चौथ्या मुद्द्याने बाकीच्या उत्तराचे वजन वाढते. जे नाही ते नाही असे लिहिणाऱ्याचे उरलेले कागद तपासणारा वेगळ्या नजरेने पाहतो. सुधारित फॉर्म विसरू नका, नाहीतर जुन्या फॉर्मवर ऑगस्टसह आकडा तसाच राहतो. बँकेचा उतारा देताना भाड्याच्या ओळींना खूण करा. बाकीचा खाजगी खर्च झाकला तरी चालते, पण नाव, खाते क्रमांक आणि तारीख दिसू द्या.

प्रश्न: बरेच महिने सोडावे लागले तर जुनी करपद्धत परवडते का?

हे जरूर तपासा. घरभाड्याची सूट फक्त जुन्या पद्धतीत मिळते. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू आहे, जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते.

आपल्या अभियंत्याची ८०सी ची १,५०,००० गुंतवणूक, आरोग्य विम्याचा २५,००० हप्ता, ५०,००० प्रमाणित वजावट आणि २,५०० व्यवसाय कर धरला, तर पूर्ण सुटीसह त्याचा कर ३२,९६८ होतो. ऑगस्ट सोडल्यावर ३५,७७६. नव्या पद्धतीत ७५,००० च्या प्रमाणित वजावटीनंतर ४०,०४० होतो. म्हणजे घरभाड्याची सूट १,०२,५०० पर्यंत खाली आली तर दोन्ही पद्धती सारख्या होतात, आणि त्याखाली गेली तर नवी पद्धत स्वस्त पडते. बाणेरच्या मालकीणबाईंनी काहीच दिले नसते आणि तो दावा सोडावा लागला असता, तर त्याने नवी पद्धत घेणेच बरे होते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ही निवड मुदतीत विवरणपत्र भरताना करता येते, कंपनीला काहीही सांगितलेले असले तरी.

प्रश्न: करारच नाही, तोंडी ठरले होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. म्हणून आता तरी पुढच्या काळाचा करार करून घ्या. गेलेल्या काळासाठी मालकाचे निवेदन, बँकेचा उतारा आणि तुम्ही तिथे राहत होतात हे दाखवणारे काहीतरी द्या: गॅस जोडणी, त्या पत्त्यावरचे बँकेचे पत्र, सोसायटीकडे दिलेली भाडेकरूची माहिती. करार झाला होता पण प्रत हरवली असेल तर नोंदणी विभागाकडून इंडेक्स-२ मिळवता येते.

प्रश्न: तिघे मिळून राहतो. भाडे एकाच्या खात्यातून जाते.

ज्याने त्याने आपल्या वाट्याचाच दावा करावा. मालकाला पैसे पाठवणाऱ्याने पूर्ण रक्कम लावू नये आणि बाकी दोघांनी त्याला पाठवलेल्या रकमेला "भाडे" अशी नोंद द्यावी. करारात तिघांची नावे असतील तर उत्तम. नसतील तर मालकाकडून तिघे राहतात असे लिहून घ्या.

प्रश्न: आई-वडिलांच्या घरात राहतो. त्यांना भाडे दिल्याचे दाखवता येते का?

"दाखवता" येत नाही, देता येते. घर त्यांच्या मालकीचे हवे, त्यात तुमचा हिस्सा नको, भाडे दरमहा बँकेतून जायला हवे आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात धरायला हवे. २०१७ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे आईला रोखीने भाडे दिल्याचे प्रकरण आले होते. करार नाही, बँकेतला व्यवहार नाही, त्या घरात राहत असल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही, म्हणून सूट नाकारली गेली. घरच्या माणसाला दिलेल्या भाड्याची पावती मिळणे सोपे असते, त्यामुळे तिला एकटीला फारसे वजन नसते.

प्रश्न: कंपनीने शेवटी सूट नाकारली आणि कर कापला. पुढे काय?

विवरणपत्रात कलम १०(१३ए) खाली तुम्ही स्वतः दावा करू शकता. जास्त कापलेला कर परत मिळतो. दावा फॉर्म १६ शी जुळणार नाही, त्यामुळे कलम १४३(१)(ए) खाली दुरुस्तीची सूचना येऊ शकते आणि तिला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. म्हणून विवरणपत्र भरण्याआधीच वरचा तक्ता आणि कागद एका फोल्डरमध्ये ठेवा. कंपनीने कागद अपुरे म्हणून नाकारले असतील तर हा मार्ग खुला आहे. भाडेच दिले नसेल तर हाही मार्ग नाही.

प्रश्न: शंका कंपनीची नाही, आयकर विभागाची आली आहे.

आधी ती खरी आहे का ते पाहा. ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. `incometax.gov.in` वर Authenticate Notice/Order Issued by ITD या ठिकाणी तो तपासता येतो. संदेशातल्या दुव्यावर टिचकी मारू नका, स्वतः खात्यात जाऊन Pending Actions मधल्या e-Proceedings मध्ये पाहा.

विसंगती बहुधा अशी निघते: तुम्ही दाखवलेले भाडे आणि त्या पॅनधारकाने दाखवलेले उत्पन्न जुळत नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले होते की घरभाडे भत्त्याची प्रकरणे सरसकट पुन्हा उघडण्याची मोहीम नाही, पण २०२०-२१ च्या काही मोठ्या तफावती करदात्यांच्या नजरेस आणून दिल्या आहेत. मालकाने भाडे दाखवले नसेल तर तो त्याचा दोष आहे. तुम्ही बँकेचा उतारा, करार आणि पावत्या देऊन आपली बाजू मांडा. पॅन चुकीचा लिहिला गेला असेल तर चूक मान्य करून बरोबर पॅन द्या.

दावाच चुकीचा असेल तर वाट पाहू नका. सुधारित विवरणपत्राची मुदत (२०२४-२५ साठी ३१ डिसेंबर २०२५) गेली असेल, तर अद्ययावत विवरणपत्र भरता येते. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत कर व व्याजावर आणखी २५ टक्के, त्यापुढच्या १२ महिन्यांत ५० टक्के भरावे लागतात. चुकीची माहिती दिल्याचे विभागाने ठरवले तर कलम २७०ए खाली दंड कराच्या २०० टक्के होऊ शकतो.

प्रश्न: भाडे ५०,००० च्या वर आहे. आणखी काही?

हो. दरमहा ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भाडे देणाऱ्या व्यक्तीने कलम १९४-आयबी नुसार भाड्यातून कर कापायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के आहे, आधी ५ टक्के होता. तो वर्षाच्या किंवा भाडेकाळाच्या शेवटच्या महिन्यात एकदाच कापून फॉर्म २६क्यूसी ने, तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरतात. मालक पॅन देत नसेल तर दर २० टक्के होतो, पण कापायची रक्कम शेवटच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त नसते. मालक अनिवासी भारतीय असेल तर हे कलम लागत नाही. तिथे कलम १९५ लागते, त्यात ५०,००० ची मर्यादा नाही आणि टॅन क्रमांक काढावा लागतो. पुण्या-मुंबईत परदेशातल्या मालकांची घरे पुष्कळ आहेत, म्हणून करार करतानाच "आपण भारतात राहता का" हे मालकाला विचारून घ्या.